हक्कांची यादी करताना ‘परंतु’ गाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६ नोव्हेंबरचा संविधान दिन जवळ आला की राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो सगळीकडे फिरू लागतो. मग कोणीतरी त्यावरून ‘हक्क, मर्यादा, कर्तव्ये’ अशी सोपी यादी उतरवतो आणि ती शाळेच्या फलकावर किंवा सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागते. यादी करायला हरकत काहीच नाही. पण अशा बहुतेक याद्यांत मर्यादांच्या रकान्यात कर्तव्ये जाऊन बसतात आणि खऱ्या मर्यादा गळून पडतात. त्याबद्दल हे पत्र.

आधी फोटोकडे पाहावे. अनुच्छेद १९ चेच पान घेऊ. त्यातली सहा स्वातंत्र्ये क, ख, ग, घ, ङ आणि छ या अक्षरांखाली येतात. मधला ‘च’ म्हणजे मालमत्तेचा हक्क. तो १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने वगळला गेला. उतरवणाऱ्याला ‘च’ची मोकळी जागा छपाईची चूक वाटते आणि तो ‘छ’चा ‘च’ करून टाकतो, म्हणजे व्यवसायाचे स्वातंत्र्य मालमत्तेच्या खणात जाते. ‘ङ’चा ‘ड’ तर हमखास होतो. पान कोणत्या काळातले आहे हेही याच वेळी कळते. हक्क सात दिले असतील तर ते ४४व्या दुरुस्तीच्या आधीचे, कर्तव्ये दहाच असतील तर २००२ च्या आधीचे, आणि ‘ग’मध्ये सहकारी संस्थांचा उल्लेख नसेल तर २०१२ च्या आधीचे. असे पान बाजूला ठेवून नवी प्रत घ्यावी.

दुसरे म्हणजे पानाची खालची कड. राज्यघटनेत अपवाद बहुधा शेवटी, ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदात किंवा पुढच्या खंडात असतात आणि फोटो नेमका तिथेच कापलेला असतो. अनुच्छेद २२ मध्ये अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करा, असे आहे. त्या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, हे त्याच वाक्यात आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला हा नियम लागू नाही, हे मात्र पुढच्या खंडात. तेव्हा ‘परंतु’, ‘व्यतिरिक्त’, ‘अधीन राहून’ हे शब्द आधी पेन्सिलीने गोल करावेत आणि नंतरच लिहायला बसावे.

आता एकच नोंद पूर्ण करून पाहू. अनुच्छेद १९(१)(ख):

हक्क: एकत्र जमणे, सभा घेणे, मोर्चा काढणे.
कोणाला: भारताच्या नागरिकांना.
हक्कातच असलेली अट: शांततेने आणि शस्त्राविना.
कायद्याने मर्यादा कशासाठी: देशाची सार्वभौमता व एकात्मता, किंवा सार्वजनिक सुव्यवस्था. निर्बंध वाजवी हवा.
उदाहरण: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली जमावबंदी लावता येते, पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे नाही.

‘अट’ आणि ‘मर्यादा’ या ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. तलवारी घेऊन निघालेला जमाव हा मुळात या हक्कात बसतच नाही. त्याला हक्क आहे पण तो मर्यादित केला, असे नव्हे. उलट शांत मोर्चा अडवायचा तर सरकारला कायदा दाखवावा लागतो आणि कारणही. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिले. रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते. पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम न्यायालयाने टिकू दिला नाही.

मर्यादांच्या ओळीत ‘इत्यादी’ कधीच लिहू नये. भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादेची कारणे १९(२) मध्ये मोजून आठ आहेत: सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि अपराधाला चिथावणी. यादी इथे संपते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली, तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ चर्चेत आले. त्यात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’ असे शब्द होते. त्रास आणि गैरसोय या आठांत कुठेच नाहीत. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झाले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. फलकावर ‘सुव्यवस्था, नीतिमत्ता इत्यादी’ असे लिहिले की वाचणारा त्या ‘इत्यादी’त ‘कोणाच्या भावना दुखावणे’ सहज घालतो.

कर्तव्यांचा प्रश्न सर्वांत किचकट. ती भाग चार-क मध्ये, अनुच्छेद ५१-क खाली आहेत. १९७६ मध्ये दहा आली आणि २००२ मध्ये अकरावे. एका हक्कासमोर एक कर्तव्य अशा जोड्या घटनेत नाहीत. यादीत तशा लावल्या की कर्तव्य पाळले तरच हक्क मिळतो, असा अर्थ निघतो. केरळमध्ये १९८५ साली तीन विद्यार्थी भावंडांना शाळेतून काढले गेले, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. राष्ट्रगीताचा आदर हे ५१-क मधले कर्तव्य खरेच. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये पाहिले ते असे की गायलाच हवे, असा कोणताही कायदा नाही, खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचे बळ नाही, आणि उभे राहण्यात आदर आहेच. मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश झाला. यादीत हे असे उतरते: राष्ट्रगीताचा आदर हे कर्तव्य; शिक्षा होते ती १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंधक कायद्याखाली, मुद्दाम गायन रोखले किंवा त्यात व्यत्यय आणला तर; न गाणे त्यात येत नाही. सार्वजनिक मालमत्तेचेही तसेच. एस.टी. फोडणाऱ्याला शिक्षा होते ती १९८४ च्या कायद्याने, ५१-क ने नव्हे. म्हणून कर्तव्यांची यादी पानाच्या खाली स्वतंत्र करावी आणि ज्या कर्तव्यामागे कायदा आहे त्याच्यापुढे त्या कायद्याचे नाव लिहावे.

‘कोणाला’ ही ओळही गाळू नये. सगळ्या हक्कांना ‘प्रत्येक नागरिकाला’ असे लिहिण्याची सवय आहे. पण समानता आणि जीविताचा हक्क, अनुच्छेद १४ व २१, परदेशी पाहुण्यालाही आहे. १९ मात्र त्याला नाही. आणि ‘कोणाविरुद्ध’ अशी आणखी एक ओळ घातली तर बरेच वाद मिटतील. अस्पृश्यता आणि वेठबिगारी यांवरची बंदी प्रत्येक माणसावर आहे, पण १९ मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून ॲडमिनने कोणाला काढून टाकले, तर अनुच्छेद १९ मोडला असे होत नाही. पोलिसांनी त्याच संदेशावरून गुन्हा नोंदवला, तर मात्र वरच्या आठांपैकी कोणते कारण लागू आहे, हे विचारता येते.

आपला,
एक नागरिकशास्त्र शिक्षक, सातारा