नक्की येणारे प्रश्न

खानापूर,
रविवार

प्रिय संज्या,

पोरीच्या दहावीच्या एसएसएलसी परीक्षेसाठी गणितातले 'नक्की येणारे' पंचवीस प्रश्न मागितलेस. तसली यादी मी गेल्या वर्षी केली होती की रे! जुने पेपर चाळून शिकवणीतल्या मुलांना वीस प्रश्न दिले. जसाच्या तसा एकच आला. पोरांनी मला ज्योतिषी ठरवलं, चुकलेले एकोणीस कुणी मोजलेच नाहीत.

कारण साधं आहे. पेपर काढणारा आकडे बदलतो, गोष्ट बदलते, की आपलं पाठांतर वाया. "गेल्या साली आला, यंदा येत नाही" हाही भ्रमच. पेपरला मागची आठवण नसते.

आता अंकगणिती श्रेढी घे. समज, जुन्या पेपरात आहे: 7 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? पहिली 14, शेवटची 98, म्हणून 84 भागिले 7 अधिक 1, म्हणजे 13. हे तेरा पाठ करून काय मिळणार? उद्या विचारतील, 100 ते 300 मधल्या 9 च्या पटींची बेरीज सांगा. दिसायला वेगळा, पण सुरुवात तीच: पहिली पट 108, शेवटची 297, पदं 22. मग पहिली-शेवटची मिळून 405, अशा 11 जोड्या, म्हणून बेरीज 11 गुणिले 405, म्हणजे 4455. पोरं बेरजेत चुकत नाहीत, 100 लाच पहिलं पद धरतात नाहीतर तो 'अधिक 1' विसरतात.

म्हणून वहीत आकडे लिहू नको. प्रत्येक प्रश्नापुढे तीनच गोष्टी लिही: काय दिलंय, काय विचारलंय, किती गुण. पहिली पायरी सारखी असेल तर प्रकार एकच. नुसतं 'श्रेढी' लिहिलंस तर अंदाज कधीच चुकणार नाही, पण उपयोगही शून्य. '9 च्या पटी' लिहिलंस तर परत पाठांतरच. '(दोन मर्यादांमधल्या पटी)' एवढं बरोबर.

2024 पासून आपल्या कर्नाटकात वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, त्यामुळे पेपर भरपूर मिळतील. गडहिंग्लजचा मेहुणा महाराष्ट्राचे पाठवेल, ते सरावाला चालतील. पण तिथं बीजगणित-भूमिती 40-40 गुणांचे वेगळे पेपर, आपला एकच 80 चा. त्यावरून गुणांचा अंदाज बांधू नको.

यादी झाली की सगळ्यात नवा पेपर न बघता बाजूला ठेव आणि आधीच्यांवरून केलेली यादी त्यावर तपास. प्रश्न नव्हे, गुण मोज: जसेच्या तसे किती गुणांचे, प्रकाराने किती गुणांचे. पाठ्यपुस्तक किंवा गुणांची रचना बदलली असेल त्या वर्षाआधीचे पेपर मात्र गाळ, नाहीतर हिशेब फसेल.

पोरीलाच लिहायला लाव, तू लिहू नकोस. पुढच्या रविवारी ये, वही घेऊन. आईनं तुझ्यासाठी कुंदा ठेवलाय.

तुझा,
बाळू