अण्णांच्या पंपाच्या कागदासाठी, ताई, तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून हे बोलणं मला जमलं नसतं. मागे चार माणसं औषधाची चिठ्ठी घेऊन उभी असतात. म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते आहे. ज्यांच्या घरी पंप वापरणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळू दे.

अण्णा 74 वर्षांचे. दम्यासाठी डॉक्टरांनी त्यांचं कॅप्सूल घालायचं जुनं मशीन बंद करून दाबायचा पंप दिला. साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकॅसोन, सकाळी दोन पफ, रात्री दोन पफ. खोक्यातलं पत्रक इंग्रजीत. अण्णांनी शेजारच्या मुलाकडून त्याचा फोटो काढून मला पुण्याला पाठवला आणि मी रात्री बसून मराठी करून दिलं. मोठ्या अक्षरात, प्रेमानं. तीन आठवड्यांनी त्यांचा आवाज बसला, जिभेवर पांढरे चट्टे आले आणि दम होता तसाच राहिला. मला वाटलं, औषधच लागू पडत नाही. तुम्हाला फोन केला तो दुसरं काही मिळतं का हे विचारायला.

औषधाबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणालात, "आधी तो कागद दाखव. आणि अण्णा पंप घेतात कसा, त्याचा व्हिडिओ दाखव."

व्हिडिओत अण्णांच्या ओठांपुढे पांढरा धूर दिसला. तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत की औषध छातीत जातच नाही, जिभेवर आणि घशात बसतंय. मी लिहिलं होतं, "पंप दाबा आणि श्वास घ्या." अण्णा तसंच करत होते, आधी दाबायचे आणि मग ओढायचे. मूळ पत्रकात या दोन गोष्टी एकाच क्षणाच्या होत्या. तुम्ही लिहून दिलेली ओळ मला पाठ आहे: "तोंडाने हळूहळू खोल श्वास आत ओढायला सुरुवात करा. ओढता ओढता पंप एकदाच दाबा. दाबल्यावर थांबू नका, तसंच हळू ओढत राहा." 'घ्या' काढून तुम्ही 'आत ओढा' केलंत. श्वास घेणं म्हणजे अण्णांच्या लेखी नुसतं श्वास चालू असणं, असं तुमचं म्हणणं होतं. आणि 'हळू' शब्द तुम्ही जाड केलात, कारण जुन्या मशीनला जोरात, झटक्यात ओढावं लागतं आणि अण्णांची दोन वर्षांची सवय तीच होती. या पंपाला ती सवय उलटी पडते. माझ्या मराठीत 'हळू' हा शब्दच नव्हता. श्वास म्हणजे श्वास, असं समजून मी तो गाळला होता.

दुसरी चूक माझ्या आजही मनात आहे. मी लिहिलं होतं, "पंप तोंडात धरण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडा." वाक्य बरोबर आहे, हे मी तुम्हाला ठासून सांगितलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, अण्णा एकेक शब्द लावत वाचतात. 'आधी' येईपर्यंत पंप तोंडात गेलेला असतो, मग ते श्वास पंपातच सोडतात. व्हिडिओत नेमकं तेच होतं. तुम्ही त्याच्या दोन पायऱ्या केल्यात, ज्या क्रमानं हात आणि तोंड चालतं त्याच क्रमानं: पंप तोंडापासून लांब धरून श्वास सोडा, मग पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द तुमच्या कागदावर कुठेच नाहीत. आकडेच ते काम करतात.

आणि त्या आकड्यांतच माझी सगळ्यात मोठी चूक होती. अण्णा पहिल्या पफला श्वास रोखायचे, दुसऱ्याला नाही. तुम्ही विचारलंत, तर ते म्हणाले, "कागदावर सहापर्यंतच सांगितलंय." मूळ पत्रकात सहा पायऱ्या संपल्यावर "2 ते 6 पुन्हा करा" असं होतं, आणि सहावी पायरी श्वास रोखायची. मी पहिलीचे दोन भाग केले, 'टोपण काढा' आणि 'आत काही अडकलंय का बघा'. त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकानं सरकले, श्वास रोखणं सातवर गेलं आणि "2 ते 6" मात्र मी जसंच्या तसं ठेवलं. अण्णांनी माझा कागद अक्षरशः पाळला. हे ऐकल्यावर मी फोनवर रडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता मोजून बघ, आपला आकडा किती येतो." मग आपण दोघींनी पहिल्यापासून मोजलं. तुमच्या कागदावर आता "पंप हलवा, इथपासून पुन्हा" असं लिहिलंय आणि समोर बाण आहे.

फोटोतल्या घडीवर एक आकडा पुसट होता, दोन पफच्या मधे किती सेकंद थांबायचं त्याचा. मी 80 वाचला होता. तुम्ही म्हणालात, 30 असावा, पण मी अंदाजानं लिहिणार नाही. शेजारच्या मुलाकडून पत्रक टेबलावर पसरून, कडेला फूटपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढून घेतलात. 30 च निघाला. श्वास रोखण्याच्या ओळीत "10 सेकंद" एवढंच मी घेतलं होतं, "किंवा त्रास न होता जमेल तितका" हे राहिलं होतं. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत रोखायचे.

इशाऱ्यांबद्दल तुम्ही जरा कडक झालात, आणि ते योग्यच होतं. "अचानक धाप लागली तर हा पंप वापरू नये" हे मी "शक्यतो वापरू नये" केलं होतं, म्हाताऱ्या माणसाला घाबरवायला नको म्हणून. साल्मेटेरॉलचा असर सावकाश चढतो. धाप लागल्यावर त्याच्यावर विसंबलं, तर लगेच आराम देणारा निळा पंप घ्यायची वेळ हातची जाते. 'शक्यतो' हा शब्द पत्रकात नाही, म्हणून तो कागदावर येणार नाही, हे तुम्ही सांगितलंत. शिवाय 'नका' पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून ओळी लहान केल्यात, कारण अर्धी ओळ वाचून कुणी उठलं तर अर्थ उलटा होतो. "चूळ भरा, गुळण्या करा, पाणी थुंकून टाका, गिळू नका" हे मी शेवटच्या सूचनांत टाकलं होतं. तुम्ही ते मूळ जागी, दुसऱ्या पफनंतर लगेच, पायरी म्हणून घेतलंत. चट्टे का आले होते, हे मला तिथे कळलं.

मग कागद अण्णांच्या हातात देऊन तुम्ही गप्प बसलात. त्यांनी मोठ्यानं वाचत वाचत करून दाखवलं. दोनदा अडखळले, ते दोन्ही शब्द तुम्ही तिथल्या तिथे बदललेत. धूर दिसला नाही.

डॉक्टरांनी चट्ट्यांसाठी औषध दिलं, ते गेले. आवाज मोकळा झाला. परवा अण्णा देवळाच्या पायऱ्या मधे एकदाच थांबून चढले.

पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात, म्हणून पुन्हा विचारत नाही. निळ्या पंपाचं पत्रक मात्र अजून इंग्रजीतच आहे. रविवारी गावी येते आहे. या वेळी फोटो नाही, कागदच घेऊन येते.

तुमची,
अण्णांची थोरली