पास्त्याबद्दल विचारलंस ना आई

प्रिय आई-बाबा,

तब्येत ठणठणीत आहे, इथे तुरिनमध्ये थंडी आहे पण हीटर आहे, आणि हो मी रोज नीट जेवते, काळजी करू नका. चिनूने पास्त्याचं पाकीट आणलंय आणि तुला मॅगीसारखं कमी पाण्यात करायचंय म्हणालीस, तसं नको करू. तुम्ही चौघं, ३०० ग्रॅम पास्ता पुरे, त्याला ३ लिटर पाणी घे. गॅस जास्त जाईल म्हणशील, पण उकळेपर्यंत झाकण ठेव. पास्त्यातून पिठूळपणा सुटतो, पाणी कमी असलं की ते दाट होतं आणि सगळं एकमेकांना चिकटतं. खळखळ उकळलं की इथले लोक लिटरला १० ग्रॅम मीठ घालतात, म्हणजे तुला साधारण पाच सपाट चहाचे चमचे. दचकू नकोस, बरंचसं पाण्याबरोबर ओतून जातं, तरी बाबांच्या बीपीसाठी निम्मंच घाल. तेल घालू नकोस, ते नुसतं वर तरंगतं, त्यापेक्षा पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, चिकटतो तो तेव्हाच.

आता वेळ. पाकिटावर ११ मिनिटं असेल तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढून दाताने तोड आणि आत बघ. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे, ठिपका जेमतेम दिसेनासा झाला की लगेच चाळणीत ओत, तो चावताना किंचित घट्ट लागतो आणि तसाच लागायला हवा. पाकिटावर ड्युरम गहू लिहिलंय का तेवढं बघ, आपला बन्सी रवा त्याच गव्हाचा, मैद्याचा असला तर लवकर गळतो.

आणि शेवया धुतेस तसा गार पाण्याने धुवू नकोस गं! वरचा पिठूळ थर गेला की सॉस धरत नाही, निसटतो. थंड सॅलडला धुतला तर चालतो. ओतायच्या आधी कपभर पाणी मात्र काढून ठेव, सॉस सुका वाटला तर तेच घालायचं.

इथली एक गोष्ट मला आधी कळेचना, रूममेट पास्ता टाकायच्या आधी सगळ्यांना फोन करते, कुठे पोचलात, टाकू का म्हणून. झालेला पास्ता थांबत नाही, बसून राहिला की फुगतो, म्हणून माणसांनी पास्त्यासाठी थांबायचं, पास्त्याने माणसांसाठी नाही! त्यामुळे बाबांना आधी पानावर बसव, मग चाळणीत ओत.

बरं, बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे या आठवड्यात पाठवते, एफडी मोडू नका. मावशीने आणलेल्या स्थळाला आत्ता नाही सांग, थीसिस संपू दे, मी टाळत नाहीये. ताईच्या साखरपुड्याला मात्र यायला जमत नाहीये गं, परीक्षा त्याच आठवड्यात आहे, तिला मीच फोन करून सांगते, तू आधी बोलू नकोस. साडी तिच्या पसंतीची घ्या, पैसे माझ्याकडून.

तुमची,
प्राजू