तूट म्हणजे तोटा नव्हे

महोदय,

व्यापार तुटीची, म्हणजे निर्यातीपेक्षा आयात जास्त झाल्याची, बातमी आली की आमच्या सातपूरच्या चहाच्या टपरीवर 'देशाचे इतके कोटी बुडाले' असे सर्रास बोलले जाते. हे खटकते, म्हणून लिहितो.

समजा, इथल्या एका वर्कशॉपने जपानहून 80 लाखांचे सीएनसी मशीन आणले. आयातीत 80 लाख लगेच चढले, तूट तेवढी वाढली. पण मशीन तर शेडमध्ये उभे आहे! पुढची दहा-बारा वर्षे ते सुटे भाग कातणार; त्यातले काही निर्यातही होतील. या हिशेबात बुडाले काय?

शिवाय ही तूट फक्त मालाची. सॉफ्टवेअर सेवांची कमाई आणि आखातातून घरी येणारे पैसे तिचा मोठा भाग भरून काढतात. उरलेले परकीय गुंतवणुकीतून किंवा कर्जातून येते, नाहीतर देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीतून जाते.

खरी काळजी इथे करावी. कारखान्यासाठी आलेला पैसा टिकतो, अल्पमुदतीचे कर्ज मात्र ऐनवेळी मागे फिरते. 1991 मध्ये गंगाजळी आटली आणि सोने गहाण ठेवावे लागले. म्हणून तुटीच्या आकड्याशेजारी ती कशातून भरली, हेही आपण छापावे, ही विनंती.

– एक लघुउद्योजक, सातपूर, नाशिक