लुटलेली रक्कम, खिशातली स्लिप आणि न आलेला कागद : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. आमची रोकड लुटली गेली आणि तिच्या विम्याचा दावा कंपनीने अडवून ठेवला आहे. विमा कंपन्यांचा कारभार आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती. बाहेरगावची गिऱ्हाइकं, हातात रोख पैसे. शनिवार दुसरा, त्यामुळे बँक बंद. रविवार तर बंदच. सोमवारी सकाळी भरणा करायचा होता. शुक्रवारी रात्री गल्ल्यात शिल्लक होती ४१,२५० रुपये. शनिवारची रोख विक्री १,१८,६०० आणि रविवारची १,३६,५५०. एकूण २,९६,४००. त्यातले १०,००० सुट्ट्यासाठी मागे ठेवले आणि २,८६,४०० रुपये बँकेत भरायला काढले.

आमच्याकडे बावीस वर्षं काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भरणा तेच करतात आणि आमच्या मनी पॉलिसीत, म्हणजे रोख रकमेच्या विम्यात, रोख नेणारा अधिकृत नोकर म्हणून त्यांचंच नाव आहे. त्यांनी बंडलं मोजली, स्लिप भरली : पाचशेच्या ४८० नोटा, दोनशेच्या १५०, शंभरच्या १४०, पन्नासच्या ४८. रोकड पिशवीत टाकली आणि स्लिप सवयीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्या सुनेने स्लिपचा मोबाइलवर फोटो काढला. हाही आमचा रोजचा रिवाज.

बँक जेमतेम आठशे मीटरवर. वाटेत मोटारसायकलवरून दोघे आले. मागच्याने पिशवीला हिसका दिला. अण्णांनी सोडली नाही, तेव्हा त्यांना लाथ मारून पाडलं आणि पिशवी नेली. अण्णा दुकानात परत आले तेव्हा कोपर सोलून निघालं होतं, सदऱ्याचा खिसा अर्धा फाटला होता आणि त्यात ती स्लिप, रक्ताचा डाग पडलेली, तशीच होती.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. जबरी चोरीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३०९, लागलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मिळाली. घटनास्थळाचा पंचनामाही झाला. एक चूक मात्र तिथे झाली. अण्णा थरथरत होते. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "किती गेले?" ते म्हणाले, "तीनेक लाख." एफआयआरमध्ये उतरलं, अंदाजे तीन लाख रुपये.

विम्याच्या सर्व्हेअरने नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. एफआयआरमध्ये तीन लाख, स्लिपवर २,८६,४००. तेरा हजार सहाशेचा फरक कशाचा? आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो आणि अण्णांचा पुरवणी जबाब नोंदवून घेतला. नोटांच्या तपशिलासह नेमकी रक्कम त्यात आली. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना माझं सांगणं आहे : फिर्याद लिहिताना अंदाजे आकडा सांगू नका. दुकानात फोन लावा, स्लिपचा फोटो मागवा आणि मगच आकडा लिहून घ्या.

सर्व्हेअरने पुढे तीन गोष्टी मागितल्या. कॅश बुकची तीन दिवसांची पानं, त्या दिवसांची बिलं आणि त्या सोमवारी आमच्या खात्यात रोख भरणा झालेला नाही हे दाखवणारा बँकेचा उतारा. या शेवटच्या कागदाचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. स्लिपवर बँकेचा शिक्का नाही एवढ्याने पैसे बँकेत पोहोचलेच नाहीत हे सिद्ध होत नाही. उताऱ्याने ते होतं. कॅश बुक, बिलं, स्लिप आणि उतारा, चारही ठिकाणी मेळ बसला. पॉलिसीत एका खेपेला तीन लाखांची मर्यादा आहे, आमची रक्कम तिच्या आत होती. सर्व्हेअरने २,८६,४०० रुपयांचं नुकसान मान्य करून अहवाल दिला.

त्याला आता सात महिने होतील. कंपनीचं उत्तर दरवेळी एकच : "पोलिसांचा अंतिम अहवाल आणा."

मंत्रिमहोदय, अंतिम अहवाल म्हणजे काय ते आपण जाणता. आरोपी सापडले तर दोषारोपपत्र. नाही सापडले तर महाराष्ट्रात 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा आहे पण उघडकीस आला नाही. हा अहवाल कोर्टात जातो, कोर्ट तो मंजूर करतं. पोलीस म्हणतात, तपास चालू आहे, इतक्यात फाइल कशी बंद करू? त्यांचं चूक नाही. फाइल बंद करा म्हणून मी त्यांच्या मागे लागायचं, म्हणजे माझ्याच चोरांचा शोध थांबवा असं मी सांगायचं. हे मला पटत नाही आणि ते मी करणार नाही.

विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकात कागदपत्रांअभावी दावा फेटाळू नये असं म्हटलं आहे. आमचा दावा फेटाळलेला नाही. तो नुसता पडून आहे. परिपत्रकातून सुटायला तेवढी वाट पुरते.

कंपनीची भीती मला समजते. लुटीचे बनाव होतात आणि नोकर सामील असला तर असा दावा पॉलिसीत बसेलच असं नाही. पण त्यासाठी माझ्याकडून हमीपत्र घ्या : मुद्देमाल मिळाला तर तेवढी रक्कम परत करीन, नोकराचा हात सिद्ध झाला तर सगळीच. मी आज सही करायला तयार आहे.

आणि पोलिसांकडून हवा असलेला कागद कायद्यात आधीच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. 'गुन्हा खरा दिसतो, आरोपी निष्पन्न नाहीत, तपास चालू आहे' एवढ्या दोन ओळी त्यात आल्या की कंपनीला हवं ते मिळालं. माझी मागणी एवढीच आहे : रोख लुटीच्या दाव्यात एफआयआर, पंचनामा, सर्व्हे अहवाल, हे नव्वद दिवसांचं पत्र आणि हमीपत्र एवढ्यावर पैसे द्यावेत, अंतिम अहवालासाठी दावा अडवू नये, असा स्पष्ट आदेश प्राधिकरणाकडून निघावा.

पैशांची ओढाताण मी सोसतो आहे, तो धंदा आहे. पण अण्णांना चार वेळा चौकशीला बोलावलं, त्यांच्या फोनचे तपशील काढले. दावा अडकला म्हणजे कंपनीला अण्णांचा संशय आहे, असं गल्लीत लोक बोलतात. गेल्या महिन्यात पगार घेताना त्यांनी पाकिटातून पाच हजार काढून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "मालक, दर महिन्याला एवढे कापा." मी ते परत त्यांच्या खिशात घातले. त्यानंतर ते भरण्याला जात नाहीत. पिशवी दिसली की मागच्या गोदामात जातात.

दाव्याचा क्रमांक, एफआयआरची प्रत, पुरवणी जबाब आणि स्लिपची छायाप्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने वेगळी पाठवली आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक चादर व्यापारी,
चाटी गल्ली, सोलापूर