तुझं नाव मी वापरलं

खानापूर,
सोमवार, रात्री

प्रिय शेखर,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे तसेच.

काल बेळगावला त्या मीटिंगला गेलो. होय, मीच! २०१८ च्या सप्टेंबरात कलम ३७७ चा निकाल लागला, तेव्हा तू "आता तरी घरी सांग" म्हणालास आणि आपण दीड वर्ष बोललो नाही. निकाल दिल्लीत लागला होता रे, आमच्या गल्लीत नाही. हे मी आजही म्हणतो.

आधी फोनवर वीस मिनिटं बोलणं झालं. घरी कळलं तर काय होईल, रात्री परतायला गाडी आहे का, असलंच विचारलं मीटिंगवाल्या बाईंनी. पत्ता दिला तो काल सकाळी. तिसऱ्या गेटजवळ उतरलो आणि जिन्यापाशी दोनदा मागे फिरून चहा प्यालो.

वर नऊ माणसं, गोल खुर्च्या, फोन सगळे एका पिशवीत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. बोलायचं नसेल तर नुसतं "पुढे" म्हणायचं. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही (तुला तर पहिल्याच दिवशी हाकलतील). नाव हवं ते सांगायचं. सौंदत्तीकडचे एक जोगप्पा कन्नडमधून बोलले, शेजारचा मराठीत सांगत होता. सीमाप्रश्न तिथे दहा मिनिटांत मिटला बघ.

माझी पाळी आली, घसा कोरडा, आणि तोंडातून निघालं, "मी शेखर." पुढे काही सुचेना, म्हटलं, "पुढे."

आणि समोर कोण बसलेलं? दर मंगळवारी आमच्या दुकानात वडिलांच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येतो तो. त्याला माझं नाव पाठ आहे. माझे पाय लटपटले. त्यानं क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "नमस्कार शेखर."

तिथला आणखी एक नियम आहे. बाहेर भेट झाली तर नवा माणूस ओळख दाखवेपर्यंत जुन्यानं दाखवायची नाही. परतीच्या गाडीत तो माझ्यापुढे दोन सीटवर. खानापूर येईपर्यंत मान वळवली नाही त्यानं. आधी मला तो घाबरला असं वाटलं, नंदगडच्या लोकांनी गाडी भरलेली. देसूर गेल्यावर डोक्यात उजेड पडला की तो माझी वाट बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उतरताना तिकीट चुरगाळून खिशात घातलं, बस्स.

उद्या मंगळवार. दुकानात मालक असणार, कंपाउंडर असणार. नेहमीसारखं "काय, बाबा बरे हाईत न्हवं?" म्हणू? की त्याला वाटेल मी काल तिथे नव्हतोच? कालपासून हेच घोळतंय. आणि त्यानं मस्करीत शेखर म्हणून हाक मारली तर मालकाला काय सांगू, तूच सांग.

वहिनींना नमस्कार. पोरीचं बारसं झालं का? कुंदा पाठवतो, अर्धा किलोच, तुझी साखर वाढलीय म्हणे.

तुझा,
नंदू

ता.क. पुढची मीटिंग पंधरवड्यानं. नाव आता बदलता येणार नाही, तुझंच चालवतो.