औदुंबर, पेन्सिल आणि एक आडवीतिडवी वाट

पुणे
रविवार, रात्री

प्रिय सोनू,

तुझा मेसेज वाचला. फोनवर सांगून हे जमलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय. कवितेवर पेन्सिलने खुणा करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, हे तुला एका कवितेवरच दाखवते. बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आठच ओळी आहेत, तुझ्या पाठही आहेत.

आधी कविता कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरून काढ. दोन ओळींच्या मध्ये निदान दोन ओळींची जागा सोड आणि डावीउजवीकडे रुंद समास ठेव. लायब्ररीच्या पुस्तकावर एक टिंबसुद्धा नको. पेन्सिल एचबी घे, टोक करून, आणि हात हलका ठेव. जोरात दाबलंस तर खोडल्यावरही कागदावर खाच राहते आणि पुढच्या वाचनाला डोळा तिथेच अडकतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

पहिल्या वाचनात फक्त रंगांभोवती गोल कर. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. आता कागद हातभर लांब धरून नुसते गोल बघ. सुरुवातीला हिरव्यानिळ्याची गर्दी आहे, मधे एकच पांढरा, आणि सातव्या ओळीत काळ्याशिवाय दुसरा रंगच उरत नाही. आठव्या ओळीत तर एकही गोल पडत नाही. औदुंबराला कवीने रंगच दिलेला नाही! नुसत्या वाचण्यातून हे सहसा लक्षात येत नाही, कारण आपल्या डोळ्यांपुढे झाड हिरवंच असतं.

या टप्प्यावर मोह होतो तो ‘काळा डोह = मृत्यू’ असं समासात लिहून टाकायचा. गाइडमध्ये तयार मिळतं आणि वर्गात कुणीतरी म्हणतंच. बालकवी 1918 साली, तिशीही गाठण्याआधी, भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, हे कळलं की तो मोह आणखी वाढतो. पण कविता लिहिताना तो अपघात झालेला नव्हता, त्यामुळे तो पुरावा म्हणून समासात येऊच शकत नाही. शिवाय काळिम्याच्या आधी ‘गोड’ आहे. मृत्यू असं लिहून बसलास तर त्या ‘गोड’चं काय करायचं? त्या शब्दाखाली दोन रेघा मार, शेजारी प्रश्नचिन्ह काढ आणि पुढे चल.

दुसऱ्या वाचनात क्रियापदांखाली रेघ. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. तिसऱ्या ओळीत रेघ मारायला काहीच सापडणार नाही, कारण गावाला क्रियापदच नाही. ते फक्त आहे. चार घरं आहेत, शेतं आहेत, पण माणूस एकही दिसत नाही. आणि माणसाच्या क्रिया कोण करतंय बघ. चालते ती पायवाट, आणि पाण्यात पाय टाकून बसतो तो औदुंबर. ‘पायवाट’मधल्या ‘पाय’पासून आठव्या ओळीतल्या ‘पाय’पर्यंत एक लांब बाण काढ. बाण काढताना हात तीन ओळी खाली येतो, आणि चालण्यापासून बसण्यापर्यंतचा कवितेचा सगळा उतार तेवढ्यात समजतो.

तिसरं वाचन मला सगळ्यात आवडतं, आणि ते बहुतेक जण करतच नाहीत. मोठ्याने म्हण आणि मात्रा मोज. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ‘औदुंबर’मधल्या ‘दुं’सारखं अनुस्वाराचं ऱ्हस्व अक्षर आणि ‘गर्दी’तल्या ‘ग’सारखं, पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणारं अक्षरही दोनच मात्रांचं. ‘मळ्यां’मधल्या ‘ळ्या’सारख्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून तिथे ‘म’ एकच मात्रेचा धर. आठ मात्रा झाल्या की बारीक उभी रेघ, सोळा झाल्या की जरा मोठी. प्रत्येक ओळ सोळा आणि अकराची आहे. ‘घेउन’, ‘बेटाबेटातुन’, ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ यांतलं शेवटचं अक्षर म्हणताना लांबतं आणि अकरा भरतात. ‘घेउन’मधला उ ऱ्हस्व आहे तो मात्रेसाठी, छपाईची चूक समजून दुरुस्त करू नकोस.

आता पहिली आणि तिसरी ओळ बघ:

ऐल तटावर । पैल तटावर ॥ हिरवाळी घेउन
चार घरांचे । गाव चिमुकले ॥ पैल टेकडीकडे

रेघ अगदी शब्द संपतो तिथे पडते. दुसरी, चौथी, सातवी, आठवी, सगळीकडे तसंच. फक्त दोन ओळींत घोटाळा होतो:

पायवाट पां । ढरी तयातुनि ॥ अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणा । मधुनि चालली ॥ काळ्या डोहाकडे

‘पांढरी’ मधोमध चिरली जाते, पुढच्या ओळीत ‘कुरणामधुनि’. तुला वाटेल मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोज, बरोबरच येईल. आठांपैकी नेमक्या याच दोन ओळी पायवाटेच्या आहेत. इतर ओळी आठव्या मात्रेशी शब्द संपवून क्षणभर टेकतात, पायवाट मात्र ती रेघ ओलांडून पुढे जाते. बालकवींनी हे ठरवून केलं असेल असा दावा मी करणार नाही. कानाने लिहिणाऱ्या कवीच्या हातून असं आपसूकही होतं. पण ओळीत ते आहे, आणि म्हणताना जिभेला कळतं. ‘पां’वर थांबून बघ, थांबवतच नाही.

एक गाठ तुझ्यासाठी ठेवतेय. सातव्या ओळीत काळिमा ‘पसरी’ म्हणजे कोण पसरतं? ‘काळिमा पसरे’ असतं तर काळिमा आपोआप पसरला असता. ‘पसरी’ला करणारा लागतो, आणि त्या ओळीत तो कुठेच नाही. माझ्या कागदावर ‘पसरी’पासून निघालेला बाण थेट शेवटच्या शब्दाला, ‘औदुंबर’ला, भिडतो. म्हणजे सावली आधी येते आणि सावली पाडणारा सगळ्यात शेवटी. पण बाणावर मी अजून प्रश्नचिन्ह ठेवलंय, कारण ‘काळिमा’च कर्ता धरून वाचणारेही भेटतात. तू अन्वय लावून बघ: आठव्या ओळीतलं ‘बसला’ आणि सातवीतलं ‘पसरी’ एकाच कर्त्याला जोडून वाक्य सरळ होतं का?

एका वाचनात एकाच जातीची खूण कर, एवढं मात्र पाळ. सगळं एकदम करायला गेलास तर पान काळं होतं आणि काहीच दिसत नाही. दर ओळीत तीनचारपेक्षा जास्त शब्दांवर रेघा दिसायला लागल्या की थांब, खोड आणि नव्या कागदावर उतरून घे.

पानाचा फोटो पाठव, खोडाखोड न पुसता. ‘पसरी’चं तू काय ठरवलंस ते शनिवारच्या आत कळव, कारण सोमवारी मला याच ओळीवर वर्गात बोलायचंय. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई